संपाच्या आदल्या संध्याकाळचा निरोप

व्यवहारोपयोगी मराठीच्या तासाला अर्ज, निवेदन आणि निमंत्रणपत्रिका शिकवल्या जातात. दिलेली वेळ ऐनवेळी बदलल्याचा निरोप मात्र सहसा कोणी शिकवत नाही. असा निरोप लिहिणारा घाईत असतो आणि वाचणारा प्रवासाच्या तयारीत असतो. वाक्य चुकले तर एखादा आजारी माणूस रिकाम्या बसस्थानकावर उभा राहतो, किंवा जिथे बोलावले नव्हते तिथे चाळीस किलोमीटर येऊन पोहोचतो. या पाठात तेवढ्या एकाच निरोपाचा विचार करू. त्यासाठी बेळगावातील एका दवाखान्याचे कल्पित उदाहरण घेतले आहे. त्यामागचा संप मात्र प्रत्यक्ष घडलेला आहे.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार. कर्नाटकातील चारही रस्ते परिवहन महामंडळांच्या कर्मचारी संघटनांनी त्या दिवसापासून बेमुदत संप जाहीर केला होता. ३८ महिन्यांची थकबाकी आणि वेतनवाढ या प्रमुख मागण्या होत्या. बेळगाव जिल्ह्यातील गाड्या ज्या वायव्य महामंडळाच्या, म्हणजे हुबळीला मुख्यालय असलेल्या, त्यातही संप होणार होता. आदल्या दिवशी, सोमवारी, कर्नाटक उच्च न्यायालयाने संप एक दिवस पुढे ढकलण्याचे निर्देश दिले. तरीही मंगळवारी सकाळी तो सुरू झाला. त्याच दिवशी न्यायालयाने संघटनांना खडसावले आणि संप ७ ऑगस्टपर्यंत स्थगित झाला.

निरोप लिहिणाऱ्याच्या जागी बसून हा घटनाक्रम पाहा. सार्वजनिक सेवेतील संपाला त्या वेळच्या कायद्यानुसार किमान १४ दिवसांची आगाऊ नोटीस लागत होती, म्हणून तारीख आधीच सगळ्यांना ठाऊक असते. संप खरोखर होणार का, हे मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. तो किती चालेल, याचा अंदाज तर कोणालाच नसतो. याच कर्नाटकात ७ एप्रिल २०२१ रोजी सुरू झालेला बससंप दोन आठवडे चालला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. ऑगस्ट २०२५ मधला संप एका दिवसातच थांबला. म्हणजे सोमवारी संध्याकाळी लिहिलेला निरोप संप झाला तरी, न झाला तरी, आणि दुपारी थांबला तरी खरा राहिला पाहिजे. अडचण इथेच आहे आणि ती बरीचशी भाषेची आहे.

आता नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला निरोप पाहू. वर्गात मी तो फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो, यात काय चुकले? पहिल्या वाचनात कोणालाच काही खटकत नाही.

“वाहतूक कर्मचाऱ्यांच्या बेमुदत संपामुळे निर्माण झालेल्या परिस्थितीमुळे उद्याच्या सर्व अपॉइंटमेंट रद्द करण्यात आल्या आहेत. संप मिटल्यावर दवाखान्याशी संपर्क साधावा. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

व्याकरण ठीक आहे आणि सूरही सभ्य आहे. ‘अपॉइंटमेंट’ या शब्दालाही माझी हरकत नाही. दवाखान्याच्या बाबतीत तो शब्द खेड्यातही कळतो, आणि ‘पूर्वनियोजित भेट’ असे लिहिले तर आजोबा नातवाला विचारतील, कोण भेटायला येणार आहे? दोष दुसरीकडे आहेत.

पहिला दोष ‘उद्या’ या शब्दात आहे. बोलताना ‘उद्या’ हा अगदी बिनधोक शब्द आहे, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच दिवशी असतात. लिहिलेला निरोप कधी वाचला जाईल, हे लिहिणाऱ्याच्या हातात नसते. सोमवारी रात्री साडेनऊला पाठवलेला निरोप मंगळवारी पहाटे साडेपाचला वाचणाऱ्या माणसाचा ‘उद्या’ म्हणजे बुधवार. तो मंगळवारी निघतो, आणि निरोपानुसार त्याचे काहीच चुकलेले नसते. ‘परवा’ तर त्याहून वाईट. मराठीत तो मागेही जातो आणि पुढेही: “परवा आलो होतो” आणि “परवा येतो” दोन्ही बरोबर. एरवी क्रियापद अर्थ सांभाळून घेते. पण “परवाची वेळ बदलली आहे” या वाक्यात ‘बदलली’ हे रूप भूतकाळी असल्याने वाचणारा क्षणभर अडखळतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत ही अडचण आणखी वाढते, कारण हिंदीतले ‘कल’ आणि ‘परसों’ दोन्ही दुतोंडी आहेत. बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती ‘काले’ कानावर पडते. तेही ‘गई’ किंवा ‘आवती’ जोडल्याशिवाय दिशा सांगत नाही. आपल्या मराठीत निदान ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत, पण दोन भाषांत वावरणाऱ्या वाचकाला तेवढा आधार पुरत नाही.

‘पुढच्या मंगळवारी’ हाही याच जातीचा शब्दप्रयोग. सोमवार ४ ऑगस्टला तो वापरला तर अर्थ काय? काहींना तो दुसऱ्याच दिवशीचा मंगळवार वाटतो, काहींना १२ तारखेचा. ‘येत्या मंगळवारी’ने प्रश्न थोडा सुटतो, पूर्ण सुटत नाही. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहावेत. दोन्ही लिहिल्याचा आणखी एक फायदा असा की ते एकमेकांची साक्ष देतात. घाईत १३ ऐवजी १२ टंकले गेले तर ‘बुधवार, १२ ऑगस्ट’ हे जुळत नाही आणि वाचणारा फोन करून विचारतो. नुसती तारीख चुकली तर कोणाच्याच लक्षात येत नाही.

दुसरा दोष ‘रद्द’मध्ये आहे. मराठीत वेळ किंवा काम बदलण्यासाठी बरेच शब्द आहेत, आणि प्रत्येकाबरोबर वाचणाऱ्यासाठी वेगळे काम येते. ‘रद्द’ म्हणजे संपले: पुन्हा नंबर लावा, पुन्हा पैसे भरा, रांगेच्या शेवटी उभे राहा. ‘स्थगित’ म्हणजे थांबवले, पुन्हा सुरू होईल, कधी ते ठरलेले नाही. ‘तहकूब’ सभा आणि सुनावण्यांना शोभतो. ‘मुलतवी’ आणि ‘लांबणीवर’ यांत पुढची तारीख आहे की नाही ते कळत नाही. ‘पुढे ढकलली’ हा रुळलेला शब्द आहे आणि त्याच्याबरोबर लगेच तारीख आली तर चालतो. ‘वेळ पुढे घेतली’ मात्र टाळावे, कारण त्याचा अर्थ काही जण उशिरा असा घेतात आणि काही जण लवकर असा. मला स्वतःला ‘वेळ बदलून दिली आहे’ हा साधा प्रयोग बरा वाटतो. ‘दिली आहे’मुळे नवी वेळ हातात पडली असे कळते आणि रुग्णाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागणार नाही, हेही कळते.

या शब्दांतला फरक खुद्द त्या संपातही दिसतो. ५ ऑगस्टच्या संध्याकाळी संप ‘मिटला’ नव्हता आणि संघटनांनी तो ‘मागे’ही घेतला नव्हता. तो ‘स्थगित’ झाला होता, तोही फक्त ७ तारखेपर्यंत. फळ्यावरच्या निरोपात ‘संप मिटल्यावर संपर्क साधावा’ असे आहे. आता रुग्णाने काय समजावे? ज्याला संप मिटला असे वाटले तो बुधवारी सकाळी फोन करील, आणि त्याच्याबरोबर मंगळवारचे सगळेच. ज्याला मिटला नाही असे वाटले तो आठवडाभर वाट पाहील. रुग्णाची पुढची कृती संपाच्या शेवटावर सोपवणे, हा या निरोपातला सर्वांत मोठा दोष आहे. नवी वेळ संपापासून तोडून घ्यायला हवी.

मग ती वेळ कोणती द्यावी? घाईत सुचणारे उत्तर दोन दिवसांनंतरचे असते: गुरुवार, ७ ऑगस्ट. ज्यांनी सोमवारी तसे केले असते त्यांचे रुग्ण नेमके स्थगिती संपण्याच्या दिवशी येऊन पडले असते. बेमुदत संपात जवळची तारीख ही दुसऱ्यांदा बदलण्याची तारीख ठरते, आणि दोनदा बदललेल्या वेळेवर तिसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही. आपल्या उदाहरणात दवाखान्याने बुधवार, १३ ऑगस्ट ही तारीख घेतली असे धरू. आठवड्याभराचे अंतर काही हमी देत नाही, पण तोवर पर्यायी गाड्यांची काहीतरी व्यवस्था झालेली असते, आणि रुग्णालाही शेजाऱ्याची मोटरसायकल किंवा खानापूरकडची रेल्वे यांचा विचार करायला वेळ मिळतो.

तिसरा दोष ‘सर्व’ या शब्दात आहे. मंगळवारच्या यादीत शहापूर-वडगावातले रुग्ण असतात, ते रिक्षाने येऊ शकतात. निपाणीचे असतात, त्यांना बसशिवाय मार्ग नाही. चंदगडचेही असतात आणि त्यांच्यासाठी ‘बसचा संप’ हे शब्दच अपुरे आहेत. त्यांच्या गावी महाराष्ट्राची एसटी येते. त्या एसटीचा संप नाही, पण कर्नाटकच्या गाड्या बंद आहेत. निरोपात नुसते ‘वाहतूक कर्मचाऱ्यांचा संप’ लिहिले तर चंदगडचा माणूस स्टँडवर उभी एसटी पाहून म्हणेल, संप तर दिसत नाही. सीमाभागात कोणत्या गाड्या ते लिहावेच लागते. ‘कर्नाटकच्या बसचा संप’ एवढे पुरते.

आता सुधारलेला निरोप लिहू. बसने येणाऱ्या आणि पूर्वी एकदा तपासून गेलेल्या रुग्णासाठी तो असा होईल:

“नमस्कार. मंगळवार, ५ ऑगस्टला सकाळी ११ वाजता आपली दवाखान्यात वेळ होती. त्या दिवशी कर्नाटकच्या बसचा संप आहे, म्हणून ती वेळ बदलून दिली आहे. आपली नवी वेळ: बुधवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११. संप लवकर थांबला तरी हीच वेळ राहील. इतके दिवस थांबायचे नसेल तर डॉक्टर मंगळवार, ५ ऑगस्टलाच सकाळी ११ ते १२ या वेळात आपल्याशी फोनवर बोलू शकतील. फोनवर सल्ला हवा असल्यास सोमवार, ४ ऑगस्टला रात्री ९ पर्यंत ‘फोन चालेल’ असे उत्तर पाठवा. उत्तर आले नाही तर १३ तारखेची वेळ पक्की समजू. त्रास वाढला असेल तर वाट न पाहता या क्रमांकावर फोन करा.”

यात जुनी वेळ आधी आली आहे, ती का? घरात दोन रुग्ण असतील, किंवा निरोप मुलाच्या फोनवर आला असेल, तर कोणाच्या कोणत्या वेळेबद्दल हे चालले आहे ते आधी कळायला हवे. पुढे एका वाक्यात कारण येते आणि लगेच नवी वेळ. दिलगिरी काढून टाकली हे काहींना खटकेल. दवाखान्याने संप केलेला नाही, आणि त्या ओळीच्या जागी ‘उत्तर आले नाही तर’ हे वाक्य बसते. त्या वाक्याची किंमत अधिक आहे. अर्धे लोक उत्तर पाठवत नाहीत. त्यांचे काय होणार हे निरोपातच ठरलेले असले तर स्वागतकक्षातल्या मुलीला शंभर फोन करावे लागत नाहीत, आणि न विचारताच आपली वेळ गेली असेही कोणाला वाटत नाही.

‘-ण्यात आली आहे’ हा सरकारी प्रयोगही इथे नाही. ‘रद्द करण्यात आल्या आहेत’ असे वाचले की कोणी केल्या, कोणाशी बोलायचे, हे लपून राहते. ‘कळवावे’, ‘साधावा’ ही रूपे सूचनाफलकावर ठीक. एका माणसाला पाठवलेल्या निरोपात ‘पाठवा’, ‘करा’ हेच आदराचे आणि स्पष्टही आहे.

फोनचा पर्याय देताना शब्द विशेष जपावे लागतात. पुष्कळ ठिकाणी ‘फोनवरून तपासणी’ किंवा ‘ऑनलाइन तपासणी’ असे लिहिलेले आढळते. तपासणी म्हणजे नाडी, रक्तदाब, पोटाला हात लावून पाहणे. ती फोनवर होत नाही. तसे लिहिले की रुग्ण तपासणीची अपेक्षा धरतो आणि मागाहून म्हणतो, नुसते बोलले आणि पैसे घेतले. ‘फोनवर सल्ला’ किंवा ‘फोनवर बोलणे’ हा खरा शब्द. ‘ऑनलाइन’ ऐकले की ज्येष्ठांना पैसे भरणे आठवते आणि ‘लिंक’ म्हटले की फसवणूक. व्हिडिओ कॉल करायचा असेल तर ‘व्हिडिओ कॉल’च म्हणावे. तो शब्द घराघरांत पोहोचला आहे.

यामागे नियमही आहेत. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांतील दोन गोष्टी निरोप लिहिणाऱ्याला माहीत हव्यात. पहिली संमतीची. रुग्णाने स्वतः फोन करून सल्ला मागितला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. पण सुरुवात डॉक्टरांकडून झाली तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते आणि ती नोंदवून ठेवावी लागते. संपाच्या दिवशी पर्याय दवाखाना पुढे करत असतो, म्हणून वरच्या निरोपात ‘फोन चालेल’ हे उत्तर मागितले आहे. ते दोन शब्द म्हणजे संमतीची नोंद. ‘उत्तर न आल्यास डॉक्टर फोन करतील’ असे उलट लिहिले असते तर ते सोयीचे वाटले असते, पण न बोलण्याला होकार ठरवणे झाले असते. म्हणूनच मौनाच्या वाट्याला १३ तारखेची प्रत्यक्ष वेळ आली आहे.

दुसरी गोष्ट पहिल्या भेटीची. त्याच दुखण्यासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाशी बोलणे हा पाठपुरावा मानला जातो, आणि त्याला फोनवर देता येणाऱ्या औषधांची यादी मोठी असते. पूर्वी न पाहिलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती यादी बरीच आखूड होते. झोपेची काही औषधे आणि अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे तर दूरवरून कोणालाच लिहून देता येत नाहीत. तेव्हा नव्या रुग्णाच्या निरोपातून फोनचा पर्याय काढून टाकावा आणि त्याऐवजी नंतरच्या दोन वेळा द्याव्यात: “बुधवार, १३ ऑगस्ट सकाळी १० किंवा गुरुवार, १४ ऑगस्ट दुपारी ४, यांपैकी जी चालेल ती कळवा.” जे देता येणार नाही ते सर्वांना सारखे देऊ करणे हे औदार्य दिसते, पण उद्या ‘डॉक्टरांनी फोनवर औषध दिले नाही’ अशी तक्रार त्यातूनच येते.

निरोपाच्या लांबीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. व्हॉट्सॲपवर लांबी अडत नाही. पण साधा बटणांचा फोन असलेल्यांना एसएमएस जातो, आणि देवनागरी एसएमएसच्या एका भागात ७० चिन्हे मावतात. रोमन लिपीत १६० मावतात. त्यातून काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. “संपामुळे उद्याची वेळ बदलली” या वाक्यात डोळ्यांना तेरा अक्षरे दिसतात. जागा धरून यंत्र मोजते सव्वीस. म्हणून एसएमएससाठी निरोप आटवावा लागतो, आणि आटवताना नवी वेळ व फोन क्रमांक शेवटी जाऊ नयेत. “नवी वेळ बुध. १३ ऑग. सकाळी ११” हे पहिल्या भागातच हवे, कारण मागचे भाग कधी उशिरा येतात आणि कधी वाचलेच जात नाहीत.

आणि काहींना निरोप पाठवूच नये, फोनच करावा. यादी पाहताना अशी नावे आधी वेगळी काढायची: जखमेची पट्टी बदलायची आहे, टाके काढायचे आहेत, औषध संपत आले आहे. आपल्या उदाहरणातल्या खानापूर तालुक्यातील आजींना मधुमेह आहे आणि पायाला जखम आहे. सोमवारी संध्याकाळी स्वागतकक्षातील मुलीने त्यांना फोन केला, असे समजू.

“आजी, नमस्कार. दवाखान्यातून बोलते मी. मंगळवारी अकराला तुमची वेळ आहे ना?”

“व्हय, येतो की. सकाळच्या गाडीनं येतो.”

“कर्नाटकच्या गाड्यांचा संप आहे, आजी. गाडी मिळायची नाही.”

“मग परवा येऊ काय?”

“परवाचंही सांगता येत नाही. तुम्हाला पुढच्या आठवड्यात वेळ दिली आहे, बुधवार, तेरा तारीख. पण आधी सांगा, पायाची पट्टी कोरडी आहे का? ताप आला होता का?”

“ताप नाही. पट्टी कालपासनं भिजतीया.”

“मग तेरा तारखेपर्यंत थांबायचं नाही. मी डॉक्टरांना आत्ता विचारते आणि दहा मिनिटांत परत फोन करते. जवळ कोण आहे? नातवाला फोन देता?”

आजी ‘येतो’ म्हणतात. बाहेरून आलेल्या शिक्षकांना ही चूक वाटते. आपल्या भागात बायकांच्या तोंडी ते रूप सर्रास आहे आणि चूक मुळीच नाही. मुलीने ते सुधारले नाही, आणि ‘बेमुदत’, ‘पुनर्नियोजन’ असले शब्दही वापरले नाहीत. तिचा महत्त्वाचा गुण वेगळा आहे. ठरलेली तारीख सांगून ती थांबली नाही. तिने जखमेची चौकशी केली, आणि उत्तर ऐकल्यावर स्वतः निर्णय घेतला नाही. भिजलेली पट्टी धोक्याची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. कदाचित ते नातवाला व्हिडिओ कॉलवर जखम दाखवायला सांगतील, कदाचित खानापूरच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बदलून घ्यायला सांगतील, कदाचित रेल्वेने किंवा भाड्याच्या गाडीने लगेच बोलावतील. नातवाला फोन देण्याचेही कारण आहे. तारीख त्याने लिहून घ्यायची आणि परत वाचून दाखवायची. ‘कळलं का?’ असे विचारले की सगळेच ‘व्हय’ म्हणतात. ‘कधी यायचं, सांगा बघू’ असे विचारले की ‘बारा तारखेला’ असे उत्तर येते, आणि तेव्हाच चूक सापडते.

राहिला मंगळवार संध्याकाळचा प्रश्न. संप स्थगित झाल्याची बातमी आली. आता दुसरा निरोप पाठवावा का? माझ्या मते पाठवावा, पण एकाच वाक्याचा: “कर्नाटकच्या बसचा संप तूर्त थांबला असला तरी आपली वेळ बुधवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११ हीच आहे.” ज्याला लवकर यायचे आहे तो यावर फोन करतोच. रिकाम्या झालेल्या वेळा अशा फोन करणाऱ्यांना एकेक करून द्याव्यात. सर्वांना एकदम ‘वाटल्यास आधीही येऊ शकता’ असे लिहिले की सकाळी दहाला साठ माणसे दारात उभी राहतात.

वर्गात याचा सराव असा घेता येतो. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाला दवाखान्याची, बँकेची किंवा पारपत्र कार्यालयाची भूमिका द्यावी. त्याने सोमवारी निरोप लिहून कागद घडी घालून ठेवावा. दुसऱ्याने तो बुधवारच्या तासाला, मागचा संदर्भ विसरून, मोठ्याने वाचावा आणि आपण कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे जाणार ते सांगावे. जिथे तो अडेल तिथे बहुधा ‘उद्या’ किंवा ‘पुढच्या’ सापडेल. पारपत्र कार्यालय निवडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की तिथे बोटांचे ठसे आणि छायाचित्र प्रत्यक्षच द्यावे लागते. फोनचा पर्याय तिथे लिहिताच येत नाही, म्हणून त्या निरोपात नंतरच्या वेळाच किमान दोन द्याव्या लागतील.